बॉक्समधला कण: गणित बरोबर सुटतं, तरी टिक चुकीच्या पर्यायावर का पडते?

खान्देशातल्या कॉलेजांतून बीएस्सी फिजिक्स करून जॅम, नेट किंवा सेटकडे वळणाऱ्या मुलामुलींसाठी हा लेख आहे. धुळ्याकडे बीएस्सी आणि जळगावच्या विद्यापीठात एमएस्सी केल्यावर या परीक्षांमधून मी गेले आहे. आता सुट्टीच्या दिवशी आमच्या भागातल्या मुलांनी सोडवलेले सराव पेपर तपासून देते. ते तपासताना एक गोष्ट सारखी दिसते. क्वांटम येत नाही म्हणून मार्क जातात असं फार कमी वेळा होतं. समीकरण बरोबर मांडलेलं असतं, पद्धत बरोबर असते, आणि कुठेतरी एक 2 राहतो, चिन्ह उलटं पडतं किंवा इंटिग्रलची मर्यादा चुकते.

विद्यापीठाच्या लेखी पेपरात पायऱ्यांनाही मार्क असतात, त्यामुळे शेवटी 2 राहिला तरी बरेचसे पदरात पडतात. बहुपर्यायी परीक्षेत तसं नाही. जॅमच्या फिजिक्स पेपरात अ विभागात 30 बहुपर्यायी प्रश्न असतात. त्यातला दोन मार्कांचा प्रश्न चुकला की ते दोन तर जातातच, वर 2/3 मार्क कापला जातो. शिवाय पेपर काढणाऱ्याला तो 2 कुठे राहतो हे पक्कं माहीत असतं. म्हणून चुकून येणारं उत्तर पर्यायांत आधीच ठेवलेलं असतं. आपलं उत्तर पर्यायात सापडलं म्हणजे ते बरोबर, हा समज सगळ्यात आधी काढून टाका.

सगळं क्वांटम एका लेखात मावत नाही, म्हणून मी एकच गोष्ट घेते: अनंत उंचीच्या भिंतींचा बॉक्स. नॉर्मलायझेशन, कम्युटेटर आणि बाउंडरी कंडिशन या तिन्ही ठिकाणच्या चुका याच एका बॉक्सभोवती दाखवता येतात.

## आधी जवळ काय हवं

- मागच्या काही वर्षांचे जॅमचे पेपर आणि उत्तरतालिका. त्या जॅमच्या अधिकृत संकेतस्थळावर मिळतात. मोबाइलवर बघू नका, प्रिंट काढा. समासात लिहायला जागा लागते.
- स्वतःच्या हाताने लिहिलेलं इंटिग्रलचं एक पान. खालची एवढी पाठ असली तरी बॉक्सचे बहुतेक प्रश्न निघतात.
- संगणकाच्या पडद्यावरचा कॅल्क्युलेटर माउसने चालवायची सवय. जॅममध्ये स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही. घरी हातातल्या कॅल्क्युलेटरवर सराव केलेल्यांची तिथे π चा घात काढताना धांदल उडते.

```
0 ते L:  ∫ sin²(nπx/L) dx  = L/2
         ∫ sin⁶(πx/L) dx   = 5L/16
         ∫ x²(L−x)² dx     = L⁵/30
0 ते ∞:  ∫ xⁿ e^(−ax) dx   = n!/a^(n+1)
```

## 1. वेव्ह फंक्शन लिहिण्याआधी भिंती काढा

प्रश्नात बॉक्स दिसला की हात आपोआप `√(2/L) sin(nπx/L)` लिहून मोकळा होतो. हे सूत्र फक्त एकाच बॉक्सचं आहे: डावी भिंत x = 0 वर आणि उजवी x = L वर. प्रश्नात भिंती −a आणि +a वर असतील तर दोन गोष्टी बदलतात आणि दोन्हींवर मार्क जातात.

पहिली गोष्ट रुंदी. बॉक्स −a ते +a असेल तर रुंदी 2a झाली, a नव्हे. ग्राउंड स्टेटची ऊर्जा `π²ħ²/(2m·(2a)²)`, म्हणजे `π²ħ²/8ma²`. घाईत L च्या जागी a टाकला की `π²ħ²/2ma²` येतं. ते चौपट आहे आणि पर्यायात हमखास असतं. जॅमचा पेपर इंग्रजीत असतो, त्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्यांना वाक्य वाचायला जरा जास्त वेळ लागतो आणि त्या गडबडीत रुंदी आणि निम्मी रुंदी यांची अदलाबदल होते. यावर उपाय एकच: वाक्यावर विसंबू नका. कच्च्या कागदावर दोन उभ्या रेघा ओढा, त्यांच्याखाली प्रश्नातले आकडे लिहा, आणि उजव्यातून डावा वजा करा.

दुसरी गोष्ट फंक्शनचा आकार. भिंती −a आणि +a वर असताना ग्राउंड स्टेट हे कोसाइन असतं: `cos(πx/2a)`. ते x = ±a वर शून्य होतं आणि मधे सगळ्यात मोठं असतं. त्यानंतरची स्टेट साइनची, मग पुन्हा कोसाइनची. बरेच जण इथेही n = 1 साठी साइन लिहितात. ते साइन x = 0 वर शून्य होतं, आणि ग्राउंड स्टेटला बॉक्सच्या आत शून्यातून जाणारा बिंदू असूच शकत नाही. काढलेल्या दोन रेघांच्या मधे फंक्शनचा ढोबळ आकार काढला तरी ही चूक लगेच डोळ्यात भरते.

आणखी एक विधान पर्यायांत फिरत असतं: "वेव्ह फंक्शन आणि त्याचं पहिलं डेरिव्हेटिव्ह सगळीकडे सलग असतात." पोटेन्शियलची उडी मर्यादित असेल, उदाहरणार्थ स्टेप पोटेन्शियलमध्ये, तर हे खरं आहे. अनंत भिंतीपाशी खरं नाही. 0 ते L च्या बॉक्समध्ये x = 0 ला आतून येणारा उतार `(π/L)√(2/L)` आहे आणि बाहेर उतार शून्य. ψ सलग राहतं, डेरिव्हेटिव्ह तुटतं. डेल्टा पोटेन्शियलमध्येही असंच होतं. एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असू शकणाऱ्या प्रश्नात "सगळीकडे" हा शब्द दिसला की थांबा आणि पोटेन्शियल पुन्हा वाचा.

## 2. भिंत अचानक सरकली: एक प्रश्न पूर्ण सोडवून

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो प्रश्न. वेगवेगळ्या परीक्षांत तो वेगवेगळ्या रूपात येतो.

कण 0 ते L या बॉक्सच्या ग्राउंड स्टेटमध्ये आहे. उजवी भिंत अचानक L वरून 2L वर नेली. आता ऊर्जा मोजली तर कण नव्या बॉक्सच्या ग्राउंड स्टेटमध्ये सापडण्याची प्रॉबेबिलिटी किती? पर्याय असे धरा:

```
(अ) 0      (ब) 1/2      (क) 32/9π²      (ड) 64/9π²
```

चारही पर्याय अर्थपूर्ण आहेत. एक बरोबर आहे आणि उरलेले तीन प्रत्येकी एका ठराविक चुकीतून येतात. आधी बरोबर रस्ता बघू.

भिंत अचानक सरकल्यामुळे वेव्ह फंक्शनला बदलायला वेळ मिळत नाही. त्या क्षणी ते जुनंच आहे: 0 ते L मध्ये `√(2/L) sin(πx/L)`, आणि L ते 2L मध्ये शून्य. नव्या बॉक्सची रुंदी 2L, म्हणून त्याची ग्राउंड स्टेट `√(2/2L) sin(πx/2L)`, म्हणजे `√(1/L) sin(πx/2L)`. या दोघांचा गुणाकार करून इंटिग्रेट करायचं. जुनं फंक्शन L च्या पुढे शून्य असल्याने मर्यादा 0 ते L.

```
c₁ = (√2/L) ∫₀ᴸ sin(πx/L) sin(πx/2L) dx
   = (√2/2L) ∫₀ᴸ [cos(πx/2L) − cos(3πx/2L)] dx
   = (√2/2L) [2L/π + 2L/3π]
   = 4√2/3π
|c₁|² = 32/9π² ≈ 0.36
```

दुसऱ्या ओळीतून तिसऱ्या ओळीत जाताना sin(3π/2) = −1 येतो, म्हणून वजा वजा मिळून अधिक होतं. तिथे चिन्ह चुकलं तर 2/π मधून 2/3π वजा होतं आणि उत्तर `8/9π²` येतं. आपल्या यादीत ते नाही, पण काही पेपरांत असू शकतं.

आता बाकीचे पर्याय कुठून आले ते बघा.

(अ) शून्य. जुनं फंक्शन L च्या पुढेही साइनच आहे असं धरून 0 ते 2L इंटिग्रेट केलं की हे येतं. `sin(πx/L)` हे 0 ते 2L मध्ये पूर्ण पसरवलं तर ते नव्या बॉक्सची n = 2 स्टेटच होतं, आणि ती ग्राउंड स्टेटला ऑर्थोगोनल असते. मग "ऑर्थोगोनल आहेत, म्हणून शून्य" असं म्हणून पुढे जाणं सोपं वाटतं. बाउंडरी कंडिशन इथे विसरली गेली: जुन्या बॉक्सच्या बाहेर कण नव्हताच.

(ब) अर्धा. हे खरंच एक बरोबर उत्तर आहे, पण दुसऱ्या प्रश्नाचं. नव्या बॉक्सच्या n = 2 स्टेटमध्ये सापडण्याची प्रॉबेबिलिटी 1/2 येते. ऊर्जा तीच राहिली, म्हणजे स्टेटही तीच असा विचार करणारे इथे येतात. नव्या बॉक्सच्या n = 2 ची ऊर्जा जुन्या बॉक्सच्या n = 1 इतकीच आहे हे खरं, पण प्रश्नात विचारलंय ग्राउंड स्टेट.

(ड) हा पर्याय सगळ्यात घातक. नव्या बॉक्सलाही `√(2/L)` हाच नॉर्मलायझेशनचा आकडा लावला, म्हणजे 2L टाकायचं राहिलं, तर c₁ √2 पट होतो आणि प्रॉबेबिलिटी दुप्पट: `64/9π²`, साधारण 0.72. शिरपूरकडच्या एका मुलीने मला हाच कागद दाखवला होता. तिने विचारलं, "ताई, 64/9π² येतंय, पर्यायातही आहे आणि एकापेक्षा कमीही आहे. मग चुकलं कुठे?" तिचं इंटिग्रल ओळीओळीने बरोबर होतं. चूक पहिल्याच ओळीत होती: दोन फंक्शनांची रुंदी वेगळी, पण दोघांच्या डोक्यावर √(2/L) सारखंच.

या पर्यायात आणखी एक मेख आहे. भिंती −L/2 आणि L/2 वर असत्या आणि दोन्ही बाजूंना सारख्या सरकून −L आणि L वर गेल्या असत्या, तर बरोबर उत्तर `64/9π²` च आलं असतं. म्हणजे हा आकडा एका प्रश्नाचं बरोबर उत्तर आहे आणि दुसऱ्या प्रश्नातल्या चुकीचं फळ. तो पाठ करून ठेवलेला असेल तर तो ओळखीचा वाटतो आणि टिक पडते. म्हणून या प्रश्नाची उत्तरं पाठ करू नका. एक भिंत सरकली की दोन, एवढं दर वेळी चित्रात बघा.

पडताळा कसा घ्यायचा? सगळ्या प्रॉबेबिलिटींची बेरीज 1 व्हायला हवी. n = 2 ची प्रॉबेबिलिटी 1/2 काढायला अर्धा मिनिट लागतो, कारण तिथे फक्त sin² चं इंटिग्रल आहे. 0.50 आणि 0.36 मिळून 0.86 होतात, उरलेले 0.14 वरच्या स्टेट्सना, चालतं. 0.50 आणि 0.72 मिळून 1.22 होतात, ते शक्यच नाही. (ड) एवढ्यावरच बाद झाला.

त्याच प्रश्नाचं दुसरं रूप: अचानक सरकल्यावर ऊर्जेची एक्स्पेक्टेशन व्हॅल्यू किती? ती बदलत नाही, `π²ħ²/2mL²` च राहते. नव्या स्टेट्सवर बेरीज करत बसलात तर पाच मिनिटं जातात. भिंत सावकाश सरकवली असेल तर मात्र गोष्ट वेगळी: तेव्हा कण ग्राउंड स्टेटमध्येच राहतो आणि ऊर्जा चौथाई होते. प्रश्नात अचानक आहे की सावकाश, त्या शब्दाला गोल करा.

## 3. नॉर्मलायझेशन: कधी करायचं, कधी वगळायचं

इथे दोन चुका सारख्या दिसतात.

पहिली i ची. समजा `ψ = A(φ₁ + 2iφ₂)`, आणि φ₁, φ₂ बॉक्सच्या नॉर्मलाइज केलेल्या स्टेट्स आहेत. नॉर्मलायझेशनसाठी मापांकाचा वर्ग लागतो: 1 + 4 = 5, म्हणून A = 1/√5. घाईत (2i)² = −4 घेतलं तर बेरीज −3 येते. त्यावर मुलं "चिन्ह चुकलं असेल" म्हणून 3 घेतात आणि A = 1/√3 लिहून पुढे जातात. प्रॉबेबिलिटीची बेरीज ऋण आली की ते गणिताचं ओरडून सांगणं असतं. वजा खोडून पुढे जाऊ नका, कॉन्जुगेट घ्यायचं राहिलंय.

याच स्टेटची सरासरी ऊर्जा काढताना वजन म्हणून गुणांकांचे वर्ग लागतात. E₂ = 4E₁ आहे, म्हणून `(1×1 + 4×4)/5 = 17/5`, म्हणजे 3.4 E₁. नुसते गुणांक 1 आणि 2 वापरले तर `(1 + 8)/3`, म्हणजे नेमके 3E₁ येतात. पूर्ण आकडा आला की बरं वाटतं, आणि म्हणूनच तो पर्यायात असतो.

दुसरी चूक वेळेची. `ψ = A sin³(πx/L)` दिलं आणि सरासरी ऊर्जा विचारली, तर बहुतेक जण A काढायला बसतात. A लागतच नाही. `sin³θ = (3 sinθ − sin3θ)/4` हे सूत्र अकरावीचं. म्हणजे या स्टेटमध्ये n = 1 आणि n = 3 यांचं प्रमाण 3 : −1, आणि प्रॉबेबिलिटी 9 : 1. सरासरी ऊर्जा `(9×1 + 1×9)/10`, म्हणजे 1.8 E₁. A विचारलाच असेल तर sin⁶ च्या इंटिग्रलवरून `A = √(16/5L)`. त्याचं एकक तपासा: एका मितीत ψ चं एकक नेहमी 1/√लांबी. ज्या पर्यायात A चं एकक 1/L येतं, तो इंटिग्रल न करताच खोडता येतो.

प्रमाण वापरताना एक खबरदारी घ्या. ही युक्ती दोन्ही फंक्शन एकाच बॉक्सची असताना चालते, कारण तिथे प्रत्येक साइनच्या वर्गाचं इंटिग्रल L/2 च येतं. भिंत सरकवण्याच्या प्रश्नात चालत नाही. तिथे A लागतोच.

## 4. कम्युटेटर: आधी काहीतरी उजवीकडे ठेवा

जॅमपेक्षा नेट, गेट, सेटमध्ये कम्युटेटर जास्त येतात. चूक बहुतेक वेळा एकच: ऑपरेटर उघडे सोडवले जातात. `[d/dx, x]` किती, या प्रश्नाला "x चं डेरिव्हेटिव्ह 1, x गुणिले d/dx शून्य, म्हणून 1" असं उत्तर मुलं देतात. उत्तर योगायोगाने बरोबर येतं, पण ही पद्धत पुढच्याच प्रश्नात घात करते. दर वेळी उजवीकडे एक f(x) ठेवा, दोन्ही क्रम लावा, वजाबाकी करा, आणि शेवटी f काढा.

एक उदाहरण घेऊ: `[x², p²]`. आधी `[x, p²] = 2iħp` हे माहीत असावं. मग

```
[x²,p²] = x[x,p²] + [x,p²]x
        = 2iħ(xp + px)
        = 4iħ xp + 2ħ²
```

शेवटच्या ओळीत `px = xp − iħ` वापरलंय. इथली नेहमीची चूक म्हणजे xp आणि px एकच धरून `4iħ xp` वर टिक करणं. ज्या कम्युटेटरमुळे प्रश्न सुरू झाला, तोच शेवटच्या ओळीत विसरला जातो.

पर्याय तपासायला दोन झटपट मार्ग आहेत. पहिला: f = 1 ठेवा. p² ने 1 वर शून्य येतं, आणि `p²x² = −2ħ²`, म्हणून `[x²,p²]` ने 1 चं 2ħ² व्हायला हवं. `4iħ xp` ने 1 चं शून्य होतं, बाद. `4iħ xp + 2ħ²` टिकतो. मात्र f = 1 हा गाळण्याचा मार्ग आहे, सिद्ध करण्याचा नाही, कारण xp समोरचा आकडा 4 आहे की 2 हे त्यातून कळत नाही. त्यासाठी f = x ठेवून बघा: डावीकडे 6ħ²x येतं, उजवीकडे 4ħ²x + 2ħ²x. जुळलं.

दुसरा मार्ग त्याहून जलद. x² आणि p² दोन्ही हर्मिशियन आहेत. दोन हर्मिशियन ऑपरेटरांच्या कम्युटेटरचं अॅडजॉइंट घेतलं की तोच वजा चिन्हाने परत यायला हवा. `4iħ xp` चं अॅडजॉइंट `−4iħ px`. ते `−4iħ xp` नाही. पर्याय बाद, एक ओळही न सोडवता. हाच नियम `[x, p] = iħ` मधला i राहिला की तोही पकडून देतो.

चिन्हासाठी एकच जोडी पक्की करा: `[x, g(p)] = iħ g′(p)` आणि `[p, f(x)] = −iħ f′(x)`. बाकी सगळी यातूनच काढा. `[p, H]` विचारला की कायनेटिक भाग p सोबत कम्युट होतो, उरतो `[p, V] = −iħ V′`. इथे वजा सुटला तर पुढे बलाची दिशा उलटी होते, त्यामुळे `d⟨p⟩/dt = −⟨V′⟩` येतंय का हे बघून चिन्ह तपासता येतं.

## 5. भिंत आणि ऑपरेटर एकमेकांवर आदळतात तेव्हा

आता जरा कठीण गोष्ट. नेटच्या तयारीत असलात तर इथे वेळ द्या. जॅमवाल्यांनी निदान पहिला अर्धा भाग वाचा.

0 ते L च्या बॉक्समध्ये `ψ = A x(L−x)` दिलं आहे. नॉर्मलायझेशन: `A² L⁵/30 = 1`, म्हणून `A = √(30/L⁵)`. हे फंक्शन दोन्ही भिंतींवर शून्य होतं, त्यामुळे बॉक्समध्ये चालतं. H म्हणजे `−(ħ²/2m) d²/dx²`. x(L−x) चं दुसरं डेरिव्हेटिव्ह −2, म्हणून `Hψ = ħ²A/m`, एक स्थिरांक. त्यावरून

```
⟨H⟩ = (ħ²A²/m) ∫₀ᴸ x(L−x) dx
    = (ħ²/m)(30/L⁵)(L³/6)
    = 5ħ²/mL²
```

पडताळा: ग्राउंड स्टेटची ऊर्जा `π²ħ²/2mL²`, म्हणजे `4.93 ħ²/mL²`. कोणत्याही चालणाऱ्या स्टेटची सरासरी यापेक्षा कमी येऊ शकत नाही. 5 हा 4.93 पेक्षा किंचित जास्त आहे, आणि ते साहजिक आहे, कारण x(L−x) चा आकार साइनच्या कमानीच्या फार जवळ आहे. ग्राउंड स्टेटमध्ये सापडण्याची प्रॉबेबिलिटी काढली तर `960/π⁶`, साधारण 0.9986 येते. आपलं ⟨H⟩ कधी 4.93 च्या खाली आलं, तर पुढे न जाता इंटिग्रल पुन्हा बघा.

आता ⟨H²⟩ काढा. सरळ हात असा चालतो: Hψ स्थिरांक आहे, त्यावर पुन्हा H लावलं की शून्य. म्हणून ⟨H²⟩ = 0. मग ΔE चा वर्ग `0 − 25`, ऋण! वर्गाचं ऋण येणं शक्य नाही, म्हणजे कुठेतरी मोडलंय.

मोडलं ते भिंतीवर. `Hψ` हा स्थिरांक x = 0 आणि x = L वर शून्य होत नाही, आणि या बॉक्समध्ये H फक्त भिंतींवर शून्य होणाऱ्या फंक्शनांवरच लावता येतं. स्थिरांक बॉक्सच्या बाउंडरी कंडिशन पाळत नाही, त्यामुळे त्याच्यावर H दुसऱ्यांदा लावायला परवानगीच नाही. योग्य मार्ग असा की एक H डावीकडच्या ψ वर लावायचं आणि एक उजवीकडच्या:

```
⟨H²⟩ = ∫₀ᴸ |Hψ|² dx
     = (ħ⁴/m²)(30/L⁵)·L
     = 30 ħ⁴/m²L⁴
ΔE = √(30−25) ħ²/mL² = √5 ħ²/mL²
```

विश्वास बसत नसेल तर लांबच्या रस्त्याने तपासा. या ψ मध्ये फक्त विषम n च्या स्टेट्स आहेत आणि `|cₙ|² = 960/(n⁶π⁶)`. प्रत्येकाला Eₙ² ने गुणून बेरीज केली की `(240/π²)(1 + 1/9 + 1/25 + …)` येते. कंसातली बेरीज π²/8, म्हणून उत्तर 30. तेच.

अशा प्रश्नात शून्य हा पर्याय दिलेला असतो आणि तो फार स्वच्छ दिसतो. ओळखायची खूण ही: बॉक्समध्ये बहुपदी फंक्शन दिलं असेल आणि p⁴ किंवा H² विचारलं असेल, तर ऑपरेटर दोन्ही बाजूंना वाटून घ्या. साइनच्या स्टेट्सना हा त्रास नाही, कारण त्यांचं दुसरं डेरिव्हेटिव्हही साइनच असतं आणि भिंतीवर शून्य होतं.

## 6. तपासलेल्या पेपरावर खुणा कशा करायच्या

सराव पेपर सोडवल्यावर चुकलेल्या प्रश्नापुढे नुसती फुली मारू नका. समासात कारण एका शब्दात लिहा: "भिंत", "A", "i", "क्रम" किंवा "चिन्ह". दोन-तीन पेपर झाले की पानं उलटून बघा, तुमचा शब्द दिसेल. प्रत्येकाचा वेगळा असतो. ज्याचा "भिंत" असेल त्याने परीक्षेत बॉक्सच्या प्रत्येक प्रश्नाला आधी दोन रेघा ओढायच्या. ज्याचा "क्रम" असेल त्याने कम्युटेटरला f = 1 चा पडताळा द्यायचा. पाचही गोष्टी प्रत्येक प्रश्नाला तपासायला तीन तासांत वेळ पुरत नाही, आपली एक तपासायला पुरतो.

उत्तरतालिकेशी जुळलेले प्रश्नही एकदा चाळा. बरोबर आलेल्या दोन मार्कांच्या प्रश्नात उरलेले तीन पर्याय कुठल्या चुकीतून आले असतील ते शोधा, जसं वर भिंतीच्या प्रश्नात केलं. एका प्रश्नाला दहा-पंधरा मिनिटं लागतात, म्हणून रोज एकच घ्या आणि त्याच पानाच्या मागे लिहून ठेवा.